सातव्या दिवसाचं पत्र

माझं पत्र निकाल समितीनं कधी परत पाठवलं नाही, याचा मला बारा वर्षं तोरा होता. साताऱ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात समिती बसायची आणि काठावरच्या प्रत्येक मुलीबद्दल वर्गशिक्षिकेचं पत्र मागायची. मुलीला त्याच वर्गात ठेवायचं की सप्टेंबरच्या चाचणीच्या अटीवर वर घालायचं, ते त्या पत्रावर ठरे. बाकीच्या बायका पत्रात दयामाया लिहीत, "मुलगी गुणी आहे, विचार व्हावा" असलं काहीतरी. मी आकडे लिहायची. हेडमास्तर अनंतराव म्हणायचे, शरयूबाईंचं पत्र वाचलं की पुढं बोलायला काही उरत नाही. हे मला कौतुक वाटायचं.

१९७३ च्या एप्रिलात नववी 'ब' मध्ये माझ्या एक्केचाळीस मुली होत्या. बत्तीस सरळ पास. आठ जणी सरळ नापास, त्यांच्याबद्दल वादच नव्हता. राहिली एक, विजयमाला. आटपाडीच्या बाजूच्या एका लहान गावातून आलेली, आमच्या शाळेजवळच्या मुलींच्या वसतिगृहात फुकट जागेवर राहणारी. अंगानं थोराड, कारण शाळेत उशिरा घातलेली. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५५. खेड्यातल्या निम्म्या पोरी एक जूनलाच जन्मतात, त्यामुळे खरं वय देव जाणे.

तिचे आकडे मला आजही पाठ आहेत. गणितात सत्तावीस, इंग्रजीत एकोणतीस. पासाला पस्तीस लागतात. म्हणजे आठ आणि सहा असे चौदा गुण कमी, आणि आमच्याकडे सवलतीचे गुण सगळे मिळून दहाच्या वर देत नाहीत. हजेरी दोनशेवीसपैकी एकशेसाठ दिवस. पंचाहत्तर टक्क्यांना एकशेपासष्ट हवेत, तिथंही पाच दिवस कमी. जानेवारीच्या आठ तारखेपासून ती सलग अठ्ठेचाळीस दिवस आलीच नव्हती. ना अर्ज, ना डॉक्टरचा कागद. मार्चमध्ये परत आली, शेवटच्या बाकावर बसली आणि कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "घरी काम होतं, बाई." मला भयंकर राग आला. दहा मिनिटं मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं करून बोलले आणि ती मान खाली घालून हाताच्या मुठी मिटून उभी राहिली.

तेव्हा मी पत्र लिहिलं ते असं : "दोन मुख्य विषयांत अनुत्तीर्ण, सवलतीच्या मर्यादेबाहेर. हजेरी अपुरी, कारण समाधानकारक नाही. पाया कच्चा राहू नये म्हणून त्याच वर्गात ठेवावे." खाली सही, तारीख चोवीस एप्रिल. सव्वीसला समितीनं ते मान्य केलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

शुक्रवारी सत्तावीसला शाळा सुटताना विजयमाला माझ्याकडे एक कागद घेऊन आली. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्याचा अर्ज. त्यावर वर्गशिक्षिकेची सही लागते, पुस्तकं परत केली, बाकी काही नाही, म्हणून. मी म्हटलं, निकाल चार दिवसांवर आलाय आणि आत्ताच दाखला? ती म्हणाली, "निकालाच्या आधी नेला तर त्यावर 'नववीत शिकत होती' असं लिहितात, बाई. नंतर नेला तर 'नापास' लिहितात."

खरं होतं ते. पण ती चलाखी मला झोंबली. मनात म्हटलं, अभ्यासात नाही, इथं बरं डोकं चालतं. मी तिला का ते विचारलं नाही. रागाच्या भरात फर्रकन सही केली आणि कागद तिच्या हातावर टाकला. तिनं वाकून नमस्कार केला तेही मला नाटक वाटलं.

रविवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या रेक्टर पद्माताई माझ्या खोलीवर आल्या. दरवर्षी येत. नापास मुलींना फुकट जागा मिळत नाही, हा त्यांच्या संस्थेचा नियम, त्यामुळे जूनसाठी किती खाटा रिकाम्या होणार याचा अंदाज त्यांना हवा असे. मी दरवर्षी सांगे की निकाल एक मेला, झेंडावंदनानंतर, त्याआधी मी नवऱ्यालाही सांगितलं नसतं, असता तर. त्या हसत आणि चहा घेऊन जात. त्या दिवशी हसल्या नाहीत.

"नावं नकोत. एवढंच सांग, विजयमालेची खाट काढू का?"

मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे काय ते त्यांना कळलं. मग त्यांनी सांगितलं, आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिले. जानेवारीत तिची आई राहीबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि घणाखाली तिचा हात सापडला. तीन बोटं गेली. वडील चार वर्षांपूर्वी वारलेले. घरात म्हातारी आणि दोन लहान भावंडं. कामावर माणूस दिसलं नाही तर मस्टरवरचं नाव कापतात, मग मजुरी बंद आणि पोरांना खायला मिळणारी सुकडीही बंद. म्हणून विजयमाला गेली आणि आईचा हात बरा होईपर्यंत आईच्या जागी बसून खडी फोडली.

"मार्चमध्ये आली तेव्हा तिच्या तळहातांना घट्टे होते, शरयू. काही फुटलेले. मीच रोज खोबरेल लावून द्यायची."

मला त्या मिटलेल्या मुठी आठवल्या. मी चिडूनच विचारलं की हे तिनं मला का नाही सांगितलं.

"तू विचारलंस का?" पद्माताई म्हणाल्या. मग म्हणाल्या की मुलीनं कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातली होती, पण आता जागाच जातेय तर शपथ काय कामाची. गावात शाळा सातवीपर्यंत. खाट गेली की शिक्षण संपलं.

त्या गेल्यावर मी कपाटातून हजेरीपट आणि गुणांची वही काढली. सहामाहीत गणितात एक्केचाळीस, इंग्रजीत अडतीस. दोन्हीत पास होती. वार्षिकला तेरा आणि वीस. दोहोंची बेरीज करून निम्मे केले की सत्तावीस आणि एकोणतीस येतात, आणि मी पत्रात तेवढेच लिहिले होते. सरासरीत ते अठ्ठेचाळीस दिवस कुठंच दिसत नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि मी स्वतःलाच मोठ्यानं मूर्ख म्हणाले. आमची ही नववी जुन्या अकरावीच्या अभ्यासक्रमाची शेवटची तुकडी होती. मागून येणारी आठवी नव्या दहावीच्या अभ्यासक्रमाची, वेगळं गणित, वेगळी पुस्तकं. म्हणजे विजयमालेला त्याच वर्गात ठेवलं तरी जूनमध्ये तो वर्ग तोच राहणार नव्हता. तिला जे अर्धं येत होतं ते पुसलं जाणार, आणि जे ती कधी शिकलीच नाही त्याच्या पुढचं शिकावं लागणार. पाया पक्का करायची भाषा मी केली होती, आणि पायाच उचलून नेला जाणार होता. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मलाही होतं. पत्र लिहिताना मात्र सुचलं नाही, कारण "त्याच वर्गात ठेवावे" हे वाक्य माझ्या हातात बसलेलं होतं.

आता बदलायचं तर वाट एकच. चाचणीवर वर घालायला तीन कागद लागतात : वर्गशिक्षिकेची सुधारित शिफारस, पालकाचं हमीपत्र, आणि हजेरी कमी असेल तर त्याचं कारण. त्यावर हेडमास्तरांचा आदेश. आणि हे सगळं निकाल वाचण्याआधी, कारण एकदा निकाल वाचला की बदल करायला थेट जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं लागतं आणि तिथं एका मुलीसाठी कोण फाईल उघडतो. हेडमास्तर शनिवारीच पुतणीच्या लग्नाला सांगलीला गेले होते, तीन तारखेला येणार. निकाल पर्यवेक्षक वाचणार. म्हणजे सोमवारी आटपाडी, तिथून सांगली, आणि मंगळवारी सकाळी आठच्या आत सातारा.

मी तशीच वसतिगृहावर गेले आणि पद्माताईंना दारातच सांगितलं की मी उद्या जातेय. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. विजयमाला आत ताटं घासत होती, पाठमोरी दिसत होती. त्या म्हणाल्या, बोलाव तिला, तूच सांग. एवढंच सांग की प्रयत्न चाललाय.

मी नाही म्हटलं. निकाल आधी फोडायचा नाही. तिला प्रयत्न चाललाय असं सांगणं म्हणजे ती नापास होती हे सांगणं. बारा वर्षांत मी ते केलं नव्हतं. "तिला फक्त सांगा, मंगळवारपर्यंत थांब," एवढं मी म्हणाले आणि निघाले. दाखल्याच्या अर्जाचं मनात आलं, पण हेडमास्तर इथं नाहीत, सही कोण करणार, असं म्हणून मी ते झटकलं.

ती ताटं घासत होती, आणि मी दहा पावलांवर होते. हे मी पुढं कितीदा घोकलंय ते मलाच ठाऊक.

सोमवारी पहाटेची एस.टी. पकडली. कराड, विटा आणि पुढं उघडाबोडका माळ. आटपाडीच्या अलीकडं एका फाट्यावर उतरून अर्धा तास चालले. रस्त्याच्या कडेनं मैलभर खडीचे ढीग आणि त्यांच्यामागे बायका, डोक्यावर पदर, हातात घण. राहीबाईला शोधायला वेळ लागला नाही. उजव्या हाताला काळवंडलेली चिंधी, डाव्या हातानं ती खडी पाटीत भरत होती. शेजारणी तिच्या वाट्याची फोडून देत होत्या.

मी कोण ते सांगितल्यावर ती घाबरून उभी राहिली. बाई एवढ्या लांब आली म्हणजे पोरीचं काहीतरी बरंवाईट झालं असं तिला वाटलं. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. निकाल फोडला. तिथं, उन्हात, अनोळखी बाईपाशी मला ते मुळीच जड गेलं नाही.

मला हवा होता तो कामावरचा दाखला, की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत विजयमाला इथं कामावर होती. तेवढा कागद असता तर हजेरीचे पाच दिवस हेडमास्तरांनी माफ केले असते. हजेरी कारकून बाळासो बाभळीखाली मस्टर घेऊन बसला होता, पंचविशीतला, सरळ डोळ्यांचा पोरगा. मी मागणी केली तशी त्यानं मस्टर मिटून मांडीखाली घेतलं.

"बाई, तिचं नाव हितं न्हाईच की," तो हलक्या आवाजात म्हणाला. "अठराच्या आतलं माणूस घेता येत न्हाई. आन् दुसऱ्याच्या जागी कुणाला बसवता येत न्हाई. जानेवारी-फेब्रुवारीत राहीबाईच हजर हाय. रोज. माझ्याच हातानं लिवलंय."

मी हट्टानं मस्टर मागून बघितलं. राहीबाईच्या नावापुढं आठ आठवडे हजेरीची उभी रेघ, एकाही दिवसाचा खाडा नाही. हात चेचला त्या दिवशीसुद्धा. माझ्या हजेरीपटात त्याच तारखांना तिच्या मुलीपुढं अठ्ठेचाळीस गैरहजऱ्या होत्या. ती दोन्हीकडं नव्हती.

मग मी राहीबाईला म्हटलं, निदान तुम्ही आजारी होता, मुलगी सेवेला आली होती, एवढं लिहून अंगठा द्या. ते खोटंही नाही. तिनं बाळासोकडं पाहिलं आणि मान हलवली.

"आवं बाई, मी आजारी हुते आसं कागदावर आलं, तर मस्टरावर हजर कोण हुतं? कुणी ताडून बघितलं तर माझं नाव जाईल, आन् ह्या पोराची नोकरी जाईल. त्यानं आमाला जगवलंय." ती थांबली आणि डाव्या हातानं डोळे पुसले. "पोरगी शिकावी आसं मला लय वाटतंय. पर घरात चार तोंडं हायती."

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. एवढ्या लांब येऊन मी या बाईला पोरगी आणि भाकरी यांतलं एक निवड म्हणून सांगत होते.

शेवटी मी नुसतं हमीपत्र लिहिलं, कारण-बिरण काही न घालता. "माझी मुलगी हिला चाचणीवर दहावीत घेतल्यास, व सप्टेंबरच्या चाचणीत प्रत्येक विषयात पस्तीस टक्के गुण न मिळाल्यास, तिला परत नववीत बसवण्यास माझी हरकत राहणार नाही." बाळासोनं स्वतःच्या शाईच्या डबीत राहीबाईचा डावा अंगठा बुडवला आणि साक्षीदार म्हणून सही केली. निघताना राहीबाईनं पदराच्या गाठीतली मूठभर सुकडी माझ्या हातावर ठेवली, गाडीत खायला. मी घेतली.

आता हजेरीचं कारण उरलं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. विट्यापर्यंत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मग आठवलं. वर्गशिक्षकांच्या नियमांत एक ओळ आहे : विद्यार्थी सलग सात दिवस विनाअर्ज गैरहजर राहिल्यास वर्गशिक्षकाने सातव्या दिवशी पालकास पत्र पाठवावे. मी पाठवलं नव्हतं. जानेवारीत स्नेहसंमेलनाची गडबड होती, आणि खेड्यातल्या बायका पोरींना कामासाठी घरी ठेवतातच, असं म्हणून मी रोज तिच्या नावापुढं गैरहजेरी मांडत गेले. ते एक पत्र गेलं असतं तर कुणीतरी उत्तर दिलं असतं, आणि मला तेव्हाच कळलं असतं.

तासगावच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली. मी बाकावर बसून नवीन पत्र लिहिलं. सहामाहीचे आणि वार्षिकचे गुण वेगवेगळे लिहिले. अभ्यासक्रम बदलत असल्यानं त्याच वर्गात ठेवण्याचा उपयोग नाही, हे लिहिलं. शेवटी लिहिलं : "सलग गैरहजेरीबाबत पालकास कळवण्यात माझ्याकडून कसूर झाली आहे. गैरहजेरीचा दोष विद्यार्थिनीकडे जाऊ नये. चाचणीवर वर घालावे अशी शिफारस आहे. तिच्या गणित व इंग्रजीची जबाबदारी मी घेते." बारा वर्षांत एवढं मोठं पत्र मी लिहिलं नव्हतं.

सांगलीत लग्नघरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पंगत उठत होती. हेडमास्तर जरीचा फेटा बांधून पाहुण्यांना विडे देत होते, मला बघून त्यांच्या हातातलं तबक तसंच राहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"बाई, हे पत्र दप्तरी लावलं की तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल. पुढच्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय. तुमचंच नाव आहे."

मी म्हटलं, जाऊ दे.

"मुलीचं खरं कारण काय होतं?"

मी म्हटलं, ते मला लिहिता येत नाही आणि सांगताही येत नाही. तुम्ही माझी चूक तेवढी धरा. मग त्यांनी पत्राच्या समासात लिहिलं, "हजेरीतील पाच दिवस क्षमापित. चाचणीवर वर्गोन्नती मंजूर, सप्टेंबर चाचणीपर्यंत," आणि सही केली. पर्यवेक्षकांच्या नावानं वेगळी चिठ्ठी दिली : निकालपत्रकात "त्याच वर्गात" यावर एकच आडवी रेघ मारून वर "चाचणीवर वर" लिहावं, खोडाखोड करू नये, शेजारी वर्गशिक्षिकेची सही घ्यावी, आणि खालची बेरीज बदलावी, वर गेलेल्या बत्तीसच्या तेहतीस. जुनं पत्र फाडायचं नाही. दोन्ही एकत्र टाचायची. माणूस नियमाचा होता, पण नियम कुठं वाकतो तेही त्याला माहीत होतं.

मला जेवायला बसवलं. मला खूप भूक लागली होती आणि मी खरोखर सुखात जेवले. श्रीखंड दोनदा घेतलं. हात धुताना हेडमास्तर सहज म्हणाले की बरं झालं तुम्ही इथं आलात, मी नसताना काही अडायला नको म्हणून मी भाऊसो कारकुनांकडे सगळं देऊन आलोय. पगाराचे कागद, आणि सुट्टीत मुली दाखले मागतात म्हणून दहा-बारा कोऱ्या दाखल्यांवरही सह्या करून ठेवल्यात.

विजयमालेच्या अर्जावर माझी सही आधीच होती; मी ओल्या हातांनीच रात्रीची गाडी गाठायला निघाले.

सातारला पोचले तेव्हा उजाडत होतं. स्टँडवरून थेट शाळेत गेले. शिपाई झेंड्याचा दोर ओढून बघत होता. भाऊसो कारकून सात वाजता आले, मी ऑफिसच्या पायरीवर बसले होते. त्यांनी कुलूप काढलं, जनरल रजिस्टर उघडलं आणि बोटानं दाखवलं. विजयमालेच्या नावासमोर, तांबड्या शाईत : "३०-४-७३. दाखला दिला. नववीत शिकत होती. पालकाची इच्छा."

"काल साडेअकराला नेला, बाई," ते म्हणाले. "तुमची सही होतीच की अर्जावर. लगेच बाराच्या गाडीनं गेली. तिकडं कामावर नाव लावायला वयाचा पुरावा पायजे म्हणत होती. एक जूनला अठरा पुरी होत्यात."

मी आटपाडीकडून विट्याला येत होते तेव्हा तिची गाडी समोरून आली असणार. मी तेव्हा खिडकीला डोकं टेकून बसले होते.

आठ वाजता झेंडावंदन झालं. निकालपत्रकावर रेघ मारली, वर लिहिलं, सही केली, बेरीज तेहतीस केली. ज्या मुलीचं नाव रजिस्टरातून कमी झालंय तिला वर घालता येतं का, यावर पर्यवेक्षक कुरकुरत होते, पण हेडमास्तरांची चिठ्ठी होती. त्यांनी नाव वाचलं, "विजयमाला, चाचणीवर दहावीत," आणि मुलींनी मागं वळून पाहिलं. पद्माताई फाटकाशी उभ्या होत्या. झालं ते त्यांनी मला सांगितलं. रविवारी त्यांनी तिला "मंगळवारपर्यंत थांब" म्हणून सांगितलं होतं. तिनं विचारलं होतं, कशाला? आणि पद्माताईंना मी काही सांगू दिलं नव्हतं.

त्याच दिवशी मी राहीबाईला पत्र टाकलं : मुलगी वर गेली आहे, मूळ दाखला परत पाठवा, तो रद्द करून तिचं नाव पुन्हा घालता येतं, वसतिगृहातली खाट तीस जूनपर्यंत ठेवली आहे. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अक्षर विजयमालेचं. वरच्या कोपऱ्यात पत्ता, तारीख, मायना, सगळं मी शिकवलं होतं तसं.

"मा. वर्गशिक्षिका यांस, सा. न. वि. वि. आपले पत्र मिळाले. मुलीचा दाखला तहसील कचेरीत फाईलला लावला आहे, तो परत मिळत नाही. माझी मुलगी एक जूनपासून स्वतःच्या नावावर कामावर जाणार आहे. तिला हजेरी लिहायलाही घेतील असे बाळासो म्हणतात. आपण आलात, फार उपकार झाले. कळावे. राहीबाई, निशाणी डावा अंगठा." खाली अंगठा होता. त्याखाली, बारीक अक्षरात, आईनं सांगितलेलं नसावं असं एक वाक्य होतं : "बाई, तुम्ही रविवारी वसतिगृहावर आला होता, मी तुमचा आवाज ओळखला होता."

ते वाक्य वाचून मी खोलीचं दार लावून घेतलं.

मी तहसील कचेरीला लिहिलं, रजिस्टर टपालानं लिहिलं, हेडमास्तरांची सही घेऊन पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही. सोमवारी अकरा जूनला शाळा उघडली. मला दहावी 'ब' दिली होती, सेवापुस्तकातल्या नोंदीसकट. चाचणीवरच्या मुलीचं नाव हजेरीपटात सगळ्यांत शेवटी आणि पेन्सिलीनं लिहितात, सप्टेंबरात पास झाली की शाईनं गिरवतात. मी तेहतिसावं नाव पेन्सिलीनं लिहिलं. भाऊसो म्हणाले, बाई, रजिस्टराला नसलेलं नाव पटावर घेता येत नाही. मी म्हटलं, शाईनं कुठं लिहिलंय.

रोज सकाळी मी ते नाव पुकारते. मी गैरहजेरी मांडते आणि पट मिटते.

आज अठरा तारीख, सातवा दिवस. मधल्या सुट्टीत मी कार्ड घेऊन बसले. "आपली पाल्य विजयमाला ही दि. ११ जूनपासून सलग सात दिवस गैरहजर आहे. तरी तिला त्वरित शाळेत पाठवावे." आईला वाचता येत नाही. हे पत्र तिला विजयमालाच वाचून दाखवणार, म्हणून नियमाच्या मजकुराखाली मी आणखी एक ओळ लिहिली : "बाळ, रविवारी मी तुझ्याच कामासाठी आले होते, आणि तुला ते सांगितलं नाही." मग घंटा झाली. शिपायाला पेटीकडं पाठवलं नाही, कार्ड मी स्वतः नेऊन टाकलं.